तारीख उलटी दिसते म्हणून फोनची भाषा बदलताना

प्रश्न: भावाने अमेरिकेहून आणलेला पिक्सेल फोन आता आई वापरते. अँड्रॉइड १४ आहे. तारीख आधी महिना, मग दिवस अशी दिसते आणि तिचा गोंधळ होतो. शिवाय तिला फोन मराठीत हवा आहे. पण बँकेचं ॲप, यूपीआय, व्हॉट्सॲप सगळं सुरू करून दिलेलं आहे. भाषा आणि देश बदलला तर यातलं काही उडेल का? पुन्हा लॉगिन करायला मी तिच्याजवळ नसते.

उत्तर:

लॉगिन जाणार नाही आणि यूपीआयची नोंदणीही पुन्हा करावी लागणार नाही. भाषा बदलली की फोन प्रत्येक ॲपला एवढंच कळवतो की आता या भाषेत आणि या देशाच्या पद्धतीने दाखव. ॲपने साठवलेल्या माहितीला तो हात लावत नाही. मात्र ते कळवताना ॲपचा उघडा स्क्रीन मोडून नव्याने मांडला जातो. अर्धवट भरलेला फॉर्म किंवा अर्धवट लिहिलेली नोंद उघडी असेल तर ती जाऊ शकते. म्हणून बदल करण्याआधी चालू कामं संपवून ॲप बंद करा, इतकीच पूर्वतयारी पुरे.

मी गेली अनेक वर्षं ॲप वेगवेगळ्या भाषांत नीट चालतात का हे तपासण्याचं काम करतो. भाषा बदलल्यावर माणसं अडकतात ती बहुधा दोन ठिकाणी. एक, तारीख बदलायला भलत्या जागी जातात. दोन, मराठी केल्यावर आकडेही मराठी होतात आणि एखादं ॲप त्यावर अडखळतं. दोन्ही टाळता येतात, फक्त क्रम पाळायला हवा.

आधी तारखेचं पाहू. अँड्रॉइडवर दिवस आधी की महिना आधी हे ठरवायला वेगळं बटण नसतं. ते भाषेला जोडलेल्या देशावरून ठरतं. तुमच्या फोनवर आत्ता English (United States) असणार, म्हणून ३ एप्रिल २०२५ ही तारीख 4/3/25 अशी येते आणि आईने ती ४ मार्च अशी वाचली तर तिची काही चूक नाही. लोक काय करतात, तर तारखेचा प्रश्न म्हणून Date & time मध्ये जातात. तिथे मांडणी बदलायचा पर्याय सापडत नाही, मग Automatic बंद करून तारीखच बदलून टाकतात. एका काकांनी ३ एप्रिलला फोनमध्ये ४ मार्च भरून ठेवला होता, कारण त्यांच्या मते आता ती ‘बरोबर दिसत’ होती. त्यानंतर व्हॉट्सॲप फोनची तारीख चुकीची आहे म्हणून अडून बसलं आणि बँकेच्या ॲपची जोडणीच होईना. सुरक्षित जोडणीत समोरच्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राची मुदत फोनच्या घड्याळाशी ताडली जाते, त्यामुळे घड्याळ चुकलं की ॲपला समोरचा खोटा वाटतो. तेव्हा Date & time मध्ये २४ तासांच्या घड्याळापलीकडे कशाला हात लावू नका, Automatic चालूच ठेवा.

पहिली पायरी फक्त देश बदलण्याची, भाषा इंग्रजीच ठेवून. Settings उघडा, System मध्ये जा, तिथे Languages, मग System languages. Add a language दाबा, यादीतून English निवडा आणि पुढच्या पानावर India. आता यादीत दोन इंग्रज्या दिसतील. India असलेल्या ओळीच्या उजव्या कडेची खूण बोटाने धरून ती ओळ सगळ्यात वर ओढा. जुनी इंग्रजी खाली राहिली तरी काही बिघडत नाही. सॅमसंगवर हीच जागा General management मधल्या Language मध्ये असते.

एवढ्याने लॉक स्क्रीनवरची Thu, Apr 3 ची Thu, 3 Apr होते, आकड्यांतली तारीख 03/04/25 होते, मोठ्या रकमांचे स्वल्पविराम लाख-कोटींच्या हिशेबाने पडतात आणि हवामान फॅरनहाइटवरून सेल्सिअसवर येतं. हवामानाच्या एखाद्या ॲपने एकक स्वतःकडे लिहून ठेवलेलं असेल तर ते तसंच राहील, ते त्या ॲपच्या आत जाऊन बदलावं लागतं. बाकी अक्षर न् अक्षर इंग्रजीच राहतं, त्यामुळे काही बिनसायची शक्यता इथे सगळ्यात कमी. खरं तर अर्ध्या लोकांचं काम इथेच संपतं.

बदल झाला का हे पाहताना १२ च्या आतली तारीख पाहू नका, ती दोन्हीकडून वाचता येते. बँकेच्या ॲपमध्ये महिन्याच्या २५ तारखेचा एखादा व्यवहार शोधा. २५ आधी आलं तर झालं. काही ॲपमध्ये काहीच बदललेलं दिसणार नाही, कारण बनवणाऱ्याने तारखेची मांडणी कायमची ठरवून टाकलेली असते. बँकांची बरीच ॲप दिवस-महिना-वर्ष असंच दाखवतात, फोन कोणत्याही देशाचा असो. म्हणजे आईला आधीपासूनच एका ॲपमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरं दिसत असणार. तिच्या गोंधळाचं खरं कारण तेच असावं.

आता जिथे खरोखर माहिती बिघडू शकते ती एक जागा सांगतो. चांगलं ॲप तारीख साठवताना १ जानेवारी १९७० पासून किती वेळ गेला हा आकडा साठवतं आणि दाखवताना त्याची तारीख करतं. देश बदलला तरी साठवलेला आकडा तोच राहतो. पण घाईत बनवलेली छोटी ॲप, विशेषतः उधारी-जमाखर्चाची, तारीख जशी दिसते तशी अक्षरांत साठवतात. माझ्याकडे एका किराणा दुकानदाराचा फोन आला होता, त्याचा मुलगा असाच परदेशातून फोन घेऊन आलेला. त्याने देश बदलला आणि उधारीची वही विस्कटली. ७ एप्रिलची नोंद ॲपने 4/7/25 अशी साठवलेली होती. भारतीय पद्धतीने वाचल्यावर ती ४ जुलै झाली. १८ एप्रिलची नोंद होती 4/18/25. आता अठरावा महिना कुठून आणणार? ॲपने डिसेंबरनंतर सहा महिने पुढे मोजले आणि ती नोंद जून २०२६ मध्ये नेऊन ठेवली. दुकानदाराला वाटलं नोंदी पुसल्या गेल्या, प्रत्यक्षात त्या यादीच्या टोकाला, पुढच्या वर्षात बसल्या होत्या.

आम्ही English (United States) पुन्हा वर ओढली आणि सगळ्या नोंदी जागेवर आल्या. हे शक्य झालं कारण मधल्या काळात त्याने एकही जुनी नोंद उघडून पुन्हा जतन केली नव्हती. केली असती तर ती नव्या, चुकीच्या तारखेने कायमची बसली असती. मग जुनी मांडणी ठेवूनच ॲपमधून वहीची फाइल बाहेर काढली, तारखा संगणकावर सरळ केल्या आणि दुसऱ्या ॲपमध्ये भरल्या. तेव्हा आईच्या फोनवर औषधांची, भिशीची, घरखर्चाची नोंद ठेवणारं असं एखादं ॲप असेल तर बदलाआधी त्यातल्या चार-पाच नोंदींचा फोटो काढून ठेवा. त्यात १२ नंतरची एक तारीख असू द्या. बदलानंतर ताडून पाहा, जुळलं नाही तर काहीही न नोंदवता लगेच मागे या.

हे सगळं एक-दोन दिवस नीट चाललं की मग मराठी.

अँड्रॉइडमध्ये २०१६ सालच्या सातव्या आवृत्तीपासून एकच भाषा नसते, भाषांची उतरती यादी असते. ॲप पहिल्या भाषेत नसेल तर फोन दुसरी विचारतो, मग तिसरी. त्यामुळे मराठीच्या खाली काय आहे याला मराठीइतकंच महत्त्व आहे. आईला हिंदीही येते म्हणून तुम्ही यादी मराठी, हिंदी, इंग्रजी अशी लावलीत तर ज्या ॲपमध्ये मराठी नाही पण हिंदी आहे ती सगळी हिंदीत उघडतील. फोन मराठी केला तर अर्धा हिंदी का झाला, हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी येतो. यादी मराठी आणि लगेच खाली English (India) एवढीच ठेवा. निव्वळ मराठी ठेवून बाकी सगळं काढू नका. मग मराठी नसलेलं ॲप आपल्या मूळ भाषेत उघडतं आणि ती इंग्रजीच असेल असं नाही.

मराठी वर गेली की फोनवरचे आकडे देवनागरी होतात. लॉक स्क्रीनवर १०:४५ दिसतं, तारीख ३/४/२५ होते. हिंदी केलं तर असं होत नाही, कारण भाषांच्या ज्या प्रमाण माहितीसंचावर फोन चालतात त्यात हिंदीचे नेहमीचे अंक इंग्रजी धरले आहेत आणि मराठीचे देवनागरी. त्यामुळे हिंदीत तपासून ‘भारतीय भाषांत चालतं’ असा शिक्का मारलेलं ॲप मराठीत पहिल्यांदा अडखळतं. आईच्या डोळ्यांना ते आकडे बरे वाटतील, आणि का वाटू नयेत! पण ॲपच्या आत काय घडतं ते पाहा. व्यवहारांची यादी मागवताना ॲप सर्व्हरला तारीख पाठवतं. लिहिणाऱ्याने इथे इंग्रजी अंकच वापर असं स्पष्ट सांगितलं नसेल तर फोन आपल्या भाषेचे अंक घालतो. पहिल्या ओळीत जायला हवं ते, दुसरीत जातं ते:

```
2025-04-03
२०२५-०४-०३
```

तुम्हाआम्हाला दोन्ही एकच. सर्व्हरला फक्त पहिली ओळ समजते, दुसरी त्याच्या लेखी कचरा. अशा वेळी ॲपमध्ये ‘भाषेची अडचण’ असा संदेश कधीच येत नाही. यादी रिकामी येते, ‘काहीतरी चुकलं’ असं दिसतं, जन्मतारीख निवडून पुढे गेलं की ॲप बंद पडतं, किंवा बरोबर टाकलेला ओटीपीही नाकारला जातो. माझ्या कामात मराठी निवडल्यावर सापडणाऱ्या दोषांत हा प्रकार सगळ्यात जास्त भेटला आहे, आणि तो घरगुती ॲपमध्येच असतो असंही नाही.

म्हणून आईच्या फोनसाठी मी पूर्ण फोन लगेच मराठी करणार नाही. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते. त्याच Languages पानावर App languages आहे. तिथे ॲप निवडायचं आणि मराठी दाबायची. आई जी ॲप वाचायला वापरते ती मराठी करा, उदाहरणार्थ नकाशा, यूट्यूब, फोटो. व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या Settings मध्ये App language आहे, तिथूनही होईल. बँक आणि यूपीआय या यादीतून मराठी करू नका, कारण तसं केलं की त्या ॲपपुरते अंकही मराठी होतात आणि वरचाच धोका उभा राहतो. बँकेने आपल्या ॲपच्या आत मराठीचा पर्याय दिला असेल तर तो खुशाल वापरा, तो बँकेने स्वतः तपासलेला असतो.

एखादं ॲप App languages च्या यादीत दिसतच नसेल तर त्याच्या निर्मात्याने ही सोय जोडलेली नाही, फोनचा त्यात दोष नाही. आणि मराठी निवडूनही ॲप काही वेळ इंग्रजीच राहिलं तर घाबरू नका. प्ले स्टोअर हल्ली ॲपमधला भाषेचा फक्त लागणारा भाग फोनवर उतरवतो. नवी भाषा निवडल्यावर तो तुकडा मागाहून येतो, त्यासाठी फोन वायफायवर ठेवा आणि ॲप बंद करून पुन्हा उघडा.

काही दिवसांनी आई म्हणाली की मला सगळंच मराठीत हवं, तर System languages मध्ये मराठी वर ओढा आणि App languages मध्ये जाऊन बँक व यूपीआय यांना मुद्दाम English (India) द्या. मग बाकी फोन मराठी आणि पैशांची ॲप इंग्रजी, दोन्ही एकत्र नांदतात. बँकेचं ॲप त्या यादीत नसेल तर अँड्रॉइड १४ मधलं Regional preferences उघडून पाहा. तिथे अंकांचा पर्याय येत असेल तर 1 2 3 निवडा, अक्षरं मराठी राहून आकडे इंग्रजी होतात. तोही पर्याय येत नसेल आणि बँकेचं ॲप अडत असेल तर फोन इंग्रजीत आणि वाचायची ॲप मराठीत, हीच मांडणी कायम ठेवा. मी माझ्या आईच्या फोनवर शेवटी हेच केलं आहे.

ॲप अडलं तर काय करायचं नाही, हे तुम्ही जवळ नसता म्हणून जास्त नीट सांगतो. शेजारचा एखादा उत्साही मुलगा ‘डेटा क्लिअर करा’ किंवा ‘काढून पुन्हा टाका’ असं सांगेल. भाषा बदलून जे कधीच गेलं नसतं ते त्याने जातं. यूपीआयची नोंदणी सिम आणि फोन यांच्या जोडीवर बसलेली असते. Clear storage दाबलं की ती मोडते आणि सिमवरून संदेश पाठवण्यापासून सगळं पुन्हा करावं लागतं. त्याऐवजी आधी त्या ॲपची भाषा English (India) करा, ॲपच्या माहितीच्या पानावर Force stop दाबा आणि पुन्हा उघडा. चाललं तर दोष आकड्यांचा होता. तरीही चाललं नाही तर कारण भाषेचं नाही, मग बँकेला फोन करा. Clear cache दाबलं गेलं तर हरकत नाही, Clear storage मात्र नको.

कळफलकाकडेही एकदा पाहून घ्या. फोनची भाषा मराठी झाली की जीबोर्ड मराठी कळफलक पुढे आणू शकतो आणि पासवर्डच्या चौकटीत आई देवनागरी टाइप करत बसते. ठिपके दिसत असल्याने तिला ते कळतही नाही. तीन चुकीच्या प्रयत्नांनी खातं अडकतं ते असं. जीबोर्डच्या Languages मध्ये English (India) आणि मराठी दोन्ही ठेवा आणि पृथ्वीगोलाची कळ दाबून भाषा कशी बदलायची हे तिच्याकडून दोन-तीनदा करून घ्या.

प्ले स्टोअरचा देश हा पूर्णपणे वेगळा विषय आहे. तो गूगल खात्याला चिकटलेला असतो, फोनच्या भाषेला नाही. वर सांगितलेलं काहीही केल्याने तो बदलत नाही. आईचं खातं भारतातच उघडलेलं असेल तर तिकडे फिरकूही नका. भावाचं अमेरिकन खातं असेल आणि भारतीय बँकेचं ॲप दुकानातच दिसत नसेल तेव्हाच तो बदलायचा. तोही वर्षातून एकदाच बदलता येतो आणि आधीच्या देशातली प्लेची शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही.

परतीची वाट आईला फोनवरून सांगता यायला हवी. मराठी केल्यावर Settings चं ‘सेटिंग्ज’ होतं आणि तुम्ही सांगाल ते इंग्रजी नाव तिला सापडणार नाही. म्हणून बदल करताना प्रत्येक पानाचा, इंग्रजीतला आणि मराठीतला, स्क्रीनशॉट काढून स्वतःकडे ठेवा. भाषांच्या यादीत प्रत्येक भाषेचं नाव त्याच भाषेच्या लिपीत असतं, त्यामुळे तिथवर पोचलात की English ओळखू येतेच. आणखी एक, System च्या त्याच पानावर खाली Reset options असतं. त्यातून फोन पुसला जायला बरीच पानं दाबावी लागतात हे खरं, पण ‘सगळ्यात खालचं दाब’ असं फोनवरून सांगू नका.

घरात कुणाकडे आयफोन असेल तर तिथे हे काम सोपं आहे. Settings, मग General, मग Language & Region. तिथे देश आणि, आयओएस १६ पासून, तारखेची मांडणी भाषेपासून वेगळी ठेवलेली आहे, म्हणून भाषा न बदलता Date Format मध्ये दिवस आधी असलेली ओळ निवडता येते.